कथासंग्रह की कादंबरी? एका गावाच्या बावीस गोष्टी आणि त्यांचा क्रम

गंगापूर रोडवर आमचा एक छोटा वाचनगट जमतो. गेल्या खेपेला तिथे एका पुस्तकावरून वाद झाला आणि चहा आला तरी तो मिटला नाही. पुस्तक होतं शेरवुड अँडरसन या अमेरिकन लेखकाचं 'वाइन्सबर्ग, ओहायो'. १९१९ साली आलेलं, एका काल्पनिक लहान गावातल्या माणसांच्या गोष्टींचं पुस्तक. गटातल्या एका निवृत्त शिक्षिकांनी ते दिवाळी अंक वाचावा तसं वाचलं होतं, म्हणजे मधलं पान उघडायचं आणि जी गोष्ट आवडेल ती आधी. त्यांचं मत, "कथा चांगल्या आहेत, पण सगळ्या एकाच छापाच्या. सगळेच एकटे, सगळेच रात्रीचे भटकतात." नाशिकरोडहून येणाऱ्या एका तरुणाने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, ही कादंबरी आहे. शेवटी मला रडू आलं." दोघांनी वाचलेले शब्द तेच होते. फरक पडला तो फक्त क्रमाने.

असा गोंधळ पुष्कळ वाचकांचा होतो. हल्ली मुखपृष्ठावर 'कथासंग्रह' छापलेलं असतं आणि मलपृष्ठावर 'कादंबरीसारखा अनुभव' असं लिहिलेलं असतं. मग नक्की आहे तरी काय? या प्रकाराला समीक्षेत 'कथाचक्र' म्हणतात. त्यातली प्रत्येक गोष्ट आपापली पूर्ण असते, पण सगळ्या ठरलेल्या क्रमाने वाचल्या की आणखी एक गोष्ट तयार होते, जी त्यांतल्या कुठल्याही एका कथेत लिहिलेली नसते. ती तयार कशी होते, हे अँडरसनच्या पुस्तकातल्या दोन ठिकाणी अगदी स्वच्छ दिसतं, म्हणून तेच उदाहरण घेतो. गोष्टी पुढे सांगाव्या लागतील. शेवट कळल्याने हे पुस्तक बिघडत नाही, असं मला मनापासून वाटतं. कथांची नावं मी मराठीत देतो आहे.

एकच गाव असलं की झालं का?

पहिला समज असा असतो की सगळ्या कथा एका गावात घडतात, माणसं ओळखीची असतात, म्हणजे ती कादंबरी. तेवढ्याने भागत नाही. मराठी वाचकाला हे पटवायला लांब जायची गरज नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' (१९४९) घ्या आणि त्यांचीच 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. मुलूख तोच, दारिद्र्य तेच, नजरही तीच. पण 'माणदेशी माणसं'मधलं कुठलंही व्यक्तिचित्र आधी वाचलं तरी दुसऱ्याचं फारसं बिघडत नाही. 'बनगरवाडी'त मात्र तरुण मास्तर गावात येतो, गाव त्याला हळूहळू आपलं म्हणतं, मग दुष्काळ पडतो आणि गाव उठतं. हा क्रम हलवला तर पुस्तकच उरत नाही.

अँडरसनचं पुस्तक या दोहोंच्या मध्ये उभं आहे. बावीस कथा आहेत. त्यांतली पहिली प्रास्ताविकासारखी आणि एक चार भागांत पसरलेली. त्यातल्या कित्येक १९१६ पासून वेगवेगळ्या मासिकांत सुट्या छापून आल्या होत्या. बहुतेक कथांत जॉर्ज विलर्ड नावाचा एक तरुण येतो-जातो. तो गावच्या 'वाइन्सबर्ग ईगल' या वर्तमानपत्राचा बातमीदार आहे आणि त्याला लेखक व्हायचं आहे. गावातली माणसं एकेक करून त्याच्यापाशी येतात, मनातलं काही सांगू पाहतात आणि बहुतेक वेळा त्यांना ते सांगता येत नाही. कधी कथा त्याच्याबद्दल असते, कधी तो एखाद्या परिच्छेदापुरता दिसतो, तर कधी त्याचं नाव नुसतं कानावर येतं.

म्हणजे कादंबरीत असतं तसं एकामागून एक घडत जाणारं कथानक इथे नाही. मग सलग वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी का आलं?

पंचवटीतला प्रवासी

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या पासधारकांना हे लगेच कळेल. समजा, तुमच्या डब्यात एक गृहस्थ बसतात. सकाळी ते तुम्हाला सांगतात की धाकट्या भावाने बोलणं टाकलंय, कारण काही कळत नाही. महिन्याभराने त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला तुम्हाला जागा मिळते. शेजारी बसलेला माणूस आपल्या मोठ्या भावाबद्दल बोलायला लागतो आणि तुमच्या ध्यानात येतं, हा तोच धाकटा. आता दोघांच्या भांडणाचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. त्या मोठ्या भावाला मात्र नाही. दोघांनी तुम्हाला सांगितलेली हकिगत आपापल्या परीने पूर्ण होती. पण तिसरी एक हकिगत आता फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि ती तयार झाली कारण तुम्ही आधी एकाचं ऐकलंत आणि मग दुसऱ्याचं.

कथाचक्राचं सगळं यंत्र यावर चालतं. पात्रांना जे माहीत नाही ते वाचकाला माहीत होत जातं. कोणती गोष्ट आधी कळावी आणि कोणती नंतर, हे लेखक क्रमाने ठरवतो. आणि 'अरे, हे तर मागे आलं होतं' ही आठवण जागी करण्यासाठी तो काही गोष्टी पुन्हा आणतो, कधी एखादी वस्तू, कधी हालचाल, कधी वाक्य. क्रम आणि पुनरावृत्ती यांचं काम एवढंच.

एक रात्र, दोन कथा

आता प्रत्यक्ष बघू. पुस्तकाच्या मध्यापलीकडे लागोपाठ दोन कथा आहेत, 'देवाचं बळ' आणि 'शिक्षिका'. दोन्ही जानेवारीतल्या एकाच कडाक्याच्या थंडीच्या रात्री येऊन मिळतात.

'देवाचं बळ'मध्ये रेव्हरंड कर्टिस हार्टमन आहेत, प्रेस्बिटेरियन चर्चचे चाळिशीतले पाद्री. साधे, घाबरट, मनापासून श्रद्धाळू. आपल्या प्रवचनात खरी आग नाही, याची त्यांना खंत आहे. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यात त्यांची अभ्यासाची खोली आहे. तिच्या खिडकीला रंगीत काच असून तिच्यावर एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेला ख्रिस्त आहे. एके दिवशी त्या खिडकीतून त्यांना शेजारच्या घरात पलंगावर पडून सिगारेट ओढत पुस्तक वाचणारी केट स्विफ्ट दिसते. ती गावातली शिक्षिका. पाद्री हादरतात, प्रार्थना करतात, तरी पुन्हा बघायला येतात. खिडकी लावलेली असतानाही दिसावं म्हणून ते काचेचा एक कोपरा दगडाने फोडतात. चित्रातल्या मुलाची टाच तेवढी उडते. अँडरसनने हा तपशील एका वाक्यात टाकला आहे, आणि माणसाचं आतलं भांडण दाखवायला याहून जास्त लागत नाही.

मग ती जानेवारीतली रात्र. थंडीत कुडकुडत ते अंधारात वाट बघतात. केट घरी नाही. बऱ्याच वेळाने ती येते, विवस्त्र होऊन पलंगावर पालथी पडते, उशीवर मुठी आपटत रडते आणि मग प्रार्थना करू लागते. पाद्र्यांना वाटतं, देवाने आपल्याला या स्त्रीच्या रूपात दर्शन दिलं. ते मुठीने खिडकीची काच फोडतात, म्हणजे ती आता पूर्ण बदलावीच लागेल आणि मोह संपेल. रक्ताळलेली मूठ घेऊन ते धावत वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरतात. तिथे जॉर्ज एकटाच येरझारा घालतोय. पाद्री त्याला सांगतात की केट स्विफ्ट ही देवाचा निरोप घेऊन आलेली आहे, आपली सुटका झाली. कथा संपली.

ती पूर्ण आहे. सुटी छापली तरी चालेल. पण दोन बारीक प्रश्न मागे राहतात. केट इतक्या उशिरापर्यंत कुठे होती, आणि ती रडत का होती? पाद्र्यांना हे प्रश्न पडतच नाहीत. त्यांना त्यांचं उत्तर मिळालेलं आहे.

पान उलटलं की 'शिक्षिका' सुरू होते. तीच रात्र. केट तिशीची आहे. शाळेत कडक, आतून विलक्षण उत्कट. आपला जुना विद्यार्थी जॉर्ज याच्यात लिहिण्याची काही ठिणगी आहे असं तिला वाटतं. शब्दांचा नुसता व्यापार करू नकोस, लोक काय बोलतात याहून काय विचार करतात ते समजून घे, असं ती त्याला कळकळीने सांगत असते. त्या रात्री ती बर्फातून एकटी भटकते आणि अखेर कचेरीत येते. बोलता बोलता तिची कळकळ कसल्या तरी दुसऱ्याच ओढीत मिसळते. ती त्याच्या मिठीत शिरते. क्षणभराने तिच्या छोट्या छोट्या मुठी त्याच्या तोंडावर बडवू लागतात आणि ती पळून जाते. जॉर्ज चिडून, गोंधळून येरझारा घालतो. आणि मग दार उघडून रक्ताळलेल्या मुठीचा पाद्री आत येतो आणि तीच स्त्री देवाची दूत असल्याचं ओरडून सांगतो. जॉर्जला वाटतं, गावाला वेड लागलंय.

घरी जाऊन तो अंथरुणात पडतो. केट आपल्याला काहीतरी सांगू पाहत होती आणि ते आपल्या हातून निसटलं, एवढंच त्याला कळतं. त्या रात्री सगळ्या गावात सर्वांत शेवटी झोप लागते ती त्याला.

आता हिशोब मांडा. पाद्र्यांनी उशीवरच्या मुठी पाहिल्या, जॉर्जच्या तोंडावरच्या पाहिल्या नाहीत. जॉर्जने तोंडावरच्या खाल्ल्या, उशीवरच्या त्याला माहीत नाहीत. केटला तर आपल्याला कोणी पाहत होतं याची गंधवार्ताही नाही. त्या एका रात्री तीन जागी मुठी आपटल्या, तोंडावर, उशीवर आणि काचेवर. तिन्ही एकत्र पाहिल्या त्या फक्त वाचकाने. पहिल्या कथेत जो साक्षात्कार वाटला होता, त्याच्या मागे एका एकट्या बाईची तडफड होती, हे दुसऱ्या कथेत कळतं. हे कळणं कुठल्याच कथेच्या वाक्यांत लिहिलेलं नाही.

क्रम उलटा केला तर?

आमच्या गटातल्या शिक्षिकांनी योगायोगाने 'शिक्षिका' ही कथा आधी वाचली होती. त्यांना विचारलं, पाद्र्यांचं काय वाटलं? त्या म्हणाल्या, "तो माणूस मला शेवटपर्यंत थोडा वेडसरच वाटला. पुढे त्याची कथा वाचली तेव्हा फक्त उलगडा झाला, हा का ओरडत होता त्याचा." उलट क्रमाने नेमकं हेच होतं. पाद्र्यांचं अचानक येणं हे कोडं होतं आणि 'देवाचं बळ' त्या कोड्याचं उत्तर. शिवाय केट का रडतेय हे आधीच ठाऊक असल्यामुळे आपण पाद्र्यांच्या साक्षात्काराकडे पहिल्यापासून वरून बघतो. त्यांच्या भीतीत आणि प्रार्थनेत आपण शिरतच नाही.

अँडरसनने लावलेल्या क्रमात आपण आधी पाद्र्यांबरोबर त्या मनोऱ्यात कुडकुडतो, त्यांची सुटका आपलीही सुटका असते. मग दुसरी कथा ती सुटका आपल्या हातून काढून घेते आणि तरीही आपल्याला पाद्र्यांवर हसू देत नाही, कारण त्यांची धडपड खरी होती हे आपण पाहिलेलं असतं. घटना त्याच राहिल्या तरी एका क्रमाने रहस्यकथा होते आणि दुसऱ्या क्रमाने दोन माणसांबद्दलची कणव.

कुठलंही कथाचक्र तपासायचं असेल तर ही चाचणी घरबसल्या करता येते. शेजारच्या दोन कथांची मनातल्या मनात अदलाबदल करा. काहीच बदललं नाही तर त्या जागी क्रम महत्त्वाचा नाही. माहिती तीच राहून भावना बदलली तर क्रम काम करतोय.

भिंतीतले आठशे डॉलर

रात्रीचं उदाहरण लागोपाठच्या कथांचं झालं. लांब पल्ल्याची पुनरावृत्ती याहून अवघड असते, कारण वाचक मधे दहा-पंधरा कथा वाचून बरंच विसरलेला असतो.

प्रास्ताविक सोडलं तर पुस्तकातली तिसरी कथा 'आई'. जॉर्जची आई एलिझाबेथ विलर्ड पंचेचाळीस वर्षांची आहे, पण आजाराने खंगलेली. तिचा नवरा टॉम गावातलं पडीक हॉटेल चालवतो. आपल्यातलं जे मारलं गेलं ते मुलात जिवंत राहावं, एवढीच तिची आस. कथेच्या शेवटी जॉर्ज तिला सांगतो की मी इथून निघून जाणार आहे. तिला आनंदाने ओरडावंसं वाटतं, पण आनंद व्यक्त करायची शक्तीच तिच्यात उरलेली नाही. ती त्याला म्हणते, जरा बाहेर जा, मुलांत मिसळ. आठशे डॉलरचा उल्लेख या कथेत नाही.

शेवटून तिसरी कथा 'मृत्यू'. म्हणजे पुस्तकाच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर आई उभी आहे. इथे आपल्याला पहिल्यांदा कळतं की तिच्या वडिलांनी मरताना तिला आठशे डॉलर दिले होते, नवऱ्याला सांगू नकोस, कधीतरी इथून सुटायला हे उपयोगी पडतील, असं बजावून. लग्नानंतर लगेचच तिने ते पत्र्याच्या डब्यात घालून पलंगाच्या पायथ्याशी भिंतीत ठेवले आणि वरून गिलावा करून घेतला. स्वतः ती कधीच सुटली नाही. ते पैसे आता जॉर्जला शहरात उभं राहायला द्यायचे आहेत. पण शेवटच्या आजारात तिची वाचा आणि हालचाल दोन्ही जातात. सहा दिवस ती तशी पडून राहते आणि मार्च महिन्यात, न सांगताच जाते. कथेची अखेर त्या गिलाव्यामागच्या डब्यावर होते.

या कथेने 'आई' ही जुनी कथा मागे जाऊन बदलून टाकली. ती मुलाला 'बाहेर जा' म्हणत होती तेव्हा पैसे त्याच हॉटेलच्या भिंतीत होते. जे तेव्हा मनाचं गप्प राहणं वाटलं, त्याला आता वजन, रक्कम आणि जागा मिळाली.

आणि मग शेवटची कथा 'प्रस्थान'. एप्रिलची सकाळ, जॉर्ज गाव सोडतोय. वडील त्याला सांगतात, पैशांवर नीट नजर ठेव. गाडीत बसल्यावर तो पाकीट काढून आपले पैसे मोजतो. भिंतीतल्या डब्याबद्दल या कथेत एक अक्षर नाही. अँडरसनला ते लिहायची गरजच पडली नाही, कारण वाचक तो डबा बरोबर घेऊनच या कथेत आला आहे. 'प्रस्थान' सुटी वाचा, एका मुलाने गाव सोडल्याची शांत, छोटी कथा आहे. 'मृत्यू'नंतर वाचा, आणि तो पाकीट उघडतो त्या ओळीशी थांबावं लागतं. नाशिकरोडच्या त्या तरुणाला रडू आलं ते इथे.

'मृत्यू' कथेत आणखी एक पुनरावृत्ती आहे, फक्त काही शब्दांची. एलिझाबेथ कधीकधी डॉ. रीफी या वयस्कर डॉक्टरकडे जात असे, औषधापेक्षा बोलायला. एकदा बोलताना ती पेटून उठते आणि तिच्यात डॉक्टरला एक तरुण, सुंदर मुलगी दिसते. तो 'लाडके, किती गोड आहेस, लाडके' असं पुटपुटत तिला जवळ घेतो. तेवढ्यात खालच्या दुकानातला नोकर जिन्याच्या बोळात रिकामं खोकं आदळतो आणि तो क्षण मोडतो. पुढे ती वारल्यावर जॉर्ज तिच्या खोलीत उभा असतो. आधी तो चिडलेला असतो, कारण त्या संध्याकाळी त्याला आवडणाऱ्या हेलन व्हाइटला भेटायचं होतं. मग चादरीखाली आई नसून कोणी तरुण, जिवंत, विलक्षण सुंदर स्त्री आहे असं त्याला वाटू लागतं, आणि बाहेर आल्यावर त्याच्या तोंडून जवळजवळ तेच शब्द निघतात. डॉक्टर काय म्हणाला होता हे त्याला कधीच कळलेलं नाही. आयुष्यभर जे ऐकायची तिची इच्छा होती ते दोघांनी म्हटलं, एकदा खोकं आदळलं आणि दुसऱ्यांदा ती ऐकायला नव्हती.

"पण हे समीक्षकच शोधून काढतात, नाही का?"

ही शंका रास्त आहे. या पुस्तकात हात जागोजाग आहेत. 'हात' नावाच्या कथेतला विंग बिडलबॉम, एका दिवसात एकशे चाळीस क्वार्ट स्ट्रॉबेऱ्या खुडणारे ज्याचे हात त्याची कीर्तीही आहेत आणि लाजही. डॉ. रीफीची अक्रोडासारखी मोठी बोटांची पेरं. एलिझाबेथचे खुर्चीच्या दांड्यांवरून लोंबणारे पांढरे हात. कोणी म्हणेल, हात सगळ्यांनाच असतात, कुठल्याही पुस्तकात सापडतील.

म्हणून नुसतं 'पुन्हा आलं' एवढ्यावर थांबू नये. विचारावं, दुसऱ्यांदा आल्यावर पहिल्याचा अर्थ हलला का? केटच्या मुठींनी हलला. आठशे डॉलरनी हलला. डॉ. रीफीच्या पेरांनी, माझ्या मते, फारसा हलत नाही. ती वातावरण एकसारखं ठेवतात, जसा एखाद्या रागात तोच स्वर टिकून राहतो. दोन्ही प्रकारांना पुनरावृत्तीच म्हणतात, पण गाठ फक्त पहिली मारते. सगळं एकाच मापाने मोजायला गेलं की टीका बारीकसारीक साम्यांची यादी होऊन बसते. अशा याद्या मीही वाचल्या आहेत, त्यांतून पुस्तक उलगडत नाही.

"कथा आधी मासिकांत सुट्या आल्या, मग क्रमाला अर्थ काय?"

अर्थ आहे, कारण क्रम हाही लिहिण्याचाच भाग आहे. मासिकात 'हात' वाचणाऱ्याला एका दुर्दैवी माणसाची कथा मिळाली. शाळामास्तर असताना मुलांच्या खांद्यावर ममतेने हात ठेवल्यामुळे ज्याच्यावर घाणेरडा आळ आला आणि ज्याला गाव सोडून पळावं लागलं, त्या माणसाची. पुस्तकात तीच कथा प्रास्ताविकानंतर लगेच येते. त्यामुळे स्पर्शाची भीती, सांगू पाहून न सांगता येणं आणि ऐकायला जॉर्ज विलर्ड समोर असणं, हे सगळं वाचकाच्या मनात सुरुवातीलाच रुजतं. पुढे केट जॉर्जच्या खांद्याला धरते तेव्हा आपण सावध झालेले असतो. कथेतला शब्दही न बदलता तिचं काम बदललं.

"मग सरळ कादंबरीच म्हणा की"

इथे मी तरुण मित्राशी सहमत नाही. 'देवभीरूपण' ही चार भागांची कथा जेसी बेंटली नावाच्या शेतकऱ्याची आहे. तिचा बराच भाग कित्येक वर्षं मागे घडतो आणि जॉर्जच्या वाटचालीशी तिचा धागा फार बारीक आहे. ती काढली तर 'मृत्यू' आणि 'प्रस्थान' यांचं काहीही बिघडत नाही. कादंबरीत एवढा मोठा तुकडा असा अलगद निघाला असता तर आपण तो दोष मानला असता. इथे मानत नाही, कारण पुस्तकाने आपल्याला तसं वचन दिलेलंच नाही. विंग बिडलबॉमचं पुढे काय झालं, पाद्र्यांनी नवी काच बसवली का, केट आणि जॉर्ज पुन्हा कधी बोलले का, यांतलं काही कळत नाही. कादंबरीने यातलं थोडं तरी सांगितलं असतं.

आणि हे न कळणं उणीव नाही. वाइन्सबर्गमधली माणसं एकमेकांच्या भिंतीपलीकडे राहतात आणि एकमेकांना कळत नाहीत. त्यांच्या कथांमध्येही मग कोऱ्या जागा हव्यातच. सलग कथानकाने त्या बुजवल्या असत्या. कथासंग्रहाने त्या नुसत्या सोडून दिल्या असत्या. कथाचक्र त्या कोऱ्या ठेवतं आणि त्यांच्यावरून पलीकडे बघायची मुभा एकट्या वाचकाला देतं. म्हणून मी या पुस्तकाला कादंबरीसारखं म्हणेन, कादंबरी म्हणणार नाही.

वाचायला घेताना

कुठलंही असं पुस्तक हाती आलं की अनुक्रमणिका आधी बघा. अँडरसनने अनुक्रमणिकेत कथांच्या नावांपुढे ती कोणाबद्दल आहे हेही दिलं आहे. म्हणजे कोण कुठे येतो याचा नकाशा पहिल्याच पानांत मिळतो. माणूस दुसऱ्यांदा भेटला की पेन्सिलने समासात मागच्या कथेचा पानक्रमांक टाका. दिवाळी अंकाची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं, हे मी गटात पाहिलं आहे, पण पाच-सहा कथांनंतर हात आपोआप मागची पानं चाळू लागतो.

पूर्ण पुस्तकाला वेळ नसेल तर 'हात', 'आई', 'देवाचं बळ', 'शिक्षिका', 'मृत्यू' आणि 'प्रस्थान' या सहा कथा याच क्रमाने वाचा. 'सुज्ञता' ही जॉर्ज आणि हेलन यांची कथा 'मृत्यू' आणि 'प्रस्थान' यांच्या मधे येते. तीही वाचता आली तर उत्तम, कारण आई गेल्यानंतर लगेच गाडी पकडणारा जॉर्ज आणि मधे एक संध्याकाळ हेलनबरोबर न बोलता बसलेला जॉर्ज, या दोघांत बराच फरक आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत शिक्षिकाबाई 'आई' आणि 'मृत्यू' लागोपाठ मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. मधल्या सगळ्या कथा गाळल्यावर आठशे डॉलरचा धक्का तेवढाच बसतो की कमी, हे आम्हाला तिथे पाहायचं आहे. माझा अंदाज, कमी बसेल. तो पैसा भिंतीत पडून असताना गावात काय काय होत राहिलं, हे मधल्या कथांनीच दाखवलेलं असतं.